स्टॅबिलायझर असले तरी बोट लागतेच

संपादक महोदय,


आपल्या पर्यटन पुरवणीतील क्रूझवरच्या लेखात ‘जहाजाला स्टॅबिलायझर असल्यामुळे बोट लागण्याची भीती नाही’ असे छापून आले आहे. तिकीट विकणारेही हेच सांगतात. माझे आयुष्य इंजिनरूममध्ये गेले आहे आणि हे विधान मला साफ चुकीचे वाटते.

स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली बाहेर येणारे पंख. जहाज कलू लागताच जायरोला ते कळते आणि हायड्रॉलिक यंत्रणा एका बाजूचा पंख वर, दुसऱ्या बाजूचा खाली वळवते. वाहत्या पाण्याचा जोर एक कूस उचलतो, दुसरी दाबतो, आणि कलणे बरेचसे थोपते. १९५० साली पी. अँड ओ.च्या ‘चुसान’वर हे पंख बसले, १९५८ मध्ये ‘क्वीन मेरी’सारख्या डोलण्यासाठी बदनाम झालेल्या जहाजालाही ते बसवावे लागले. त्यांचा उपयोग मी नाकारत नाही.

पण हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो. वीस नॉट्सवरून दहावर आलात की तो जेमतेम चौथाई उरतो. खवळलेल्या समुद्रात कप्तान वेग उतरवतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पंख दुबळे पडतात. नांगर टाकलेल्या जहाजावर तर हे साधे पंख जवळजवळ निरुपयोगीच.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे पंख फक्त कुशीवर कलणे रोखतात. लाट समोरून आली की नाळ उचलली जाते आणि आपटते, अख्खे जहाजही वरखाली होते. ते थोपवण्याची ताकद या पंखांत नाही. तीनशे मीटर लांबीचे जहाज मध्यापासून पुढेमागे फक्त एक अंश झुकले, तरी नाळेचे टोक अडीच मीटरहून जास्त वर जाते आणि तेवढेच खाली येते. उलट मध्यापासून पंधरा मीटरवर कुशीला असलेली केबिन तीन अंश कलण्यानेही एक मीटरसुद्धा हलत नाही. पोट ढवळते ते मुख्यतः या वरखाली होण्याने, त्यातही पाचेक सेकंदांत एक फेरा पुरा होणारी हालचाल सर्वांत वाईट. त्यामुळे पेल्यातले पाणी हिंदकळत नाही, तरी माणूस मात्र बेजार होतो.

पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची केबिन जादा पैसे घेऊन विकताना हे कुणी सांगत नाही. आजारी आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना ते कळायलाच हवे. वाचकांनी केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर मागावी, आणि बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्यावी. आपण पुढच्या पुरवणीत हा खुलासा अवश्य छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, रत्नागिरी