‘पहिल्या महिला डॉक्टर’: चार ओळींच्या परिचयात चार चुका

३१ मार्च जवळ आला की डॉ. आनंदीबाई जोशी यांचा छोटासा परिचय मोबाइलवर फिरू लागतो. तोच पुढे शाळेच्या फलकावर आणि भाषणस्पर्धेतही उतरतो. मजकूर साधारण असा असतो: ‘भारतातील पहिल्या महिला डॉक्टर. १८८५ मध्ये एम.डी. झाल्या. मायदेशी परतून रुग्णसेवा केली. अवघ्या २२ वर्षांच्या असताना निधन.’ यातले एकही वाक्य जसेच्या तसे टिकत नाही.

आधी साल पाहू. १८८५ हा आकडा बहुधा एका प्रसिद्ध छायाचित्रामुळे चिकटला असावा. त्यात आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात. छायाचित्र ऑक्टोबर १८८५ चे आहे, पण तेव्हा तिघीही विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. उरलेल्या दोघी तर त्यानंतर काही वर्षांनी डॉक्टर झाल्या. म्हणजे फोटोची तारीख पदवीची तारीख होऊन बसली. फोटोखालच्या ओळीवरून साल उचलले की हे असे होते.

वय २१ की २२?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा आणि मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ चा. नुसती साले वजा केली तर उत्तर २२ येते. पण बाविसावा वाढदिवस यायला महिन्याहून अधिक अवधी होता, त्यामुळे मृत्यूसमयी त्यांची २१ वर्षेच पूर्ण झाली होती. इथे मराठी भाषेची एक गंमत आहे. ‘वयाच्या २२ व्या वर्षी निधन’ हे वाक्य बरोबर, कारण बाविसावे वर्ष चालू होते. ‘२२ वर्षांच्या असताना निधन’ हे चूक. पदवी मिळाली तेव्हाही हीच स्थिती होती. त्या २० वर्षांच्या होत्या आणि एकविसावे चालू होते. परिचय इंग्रजीतून मराठीत आणि पुन्हा इंग्रजीत गेला की दर फेरीत एखादे वर्ष वाढते किंवा घटते. त्यावर उपाय सोपा आहे. वय कुठूनही उतरवून घेऊ नये. दोन्ही पूर्ण तारखा समोर ठेवून ते स्वतः मोजावे.

‘पहिल्या’ म्हणजे नेमक्या कशात?

सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाने होतो. पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून आनंदीबाईंचे नाव घेतले जाते, आणि तेवढे म्हणणे पुरेसे मोठे आहे. पण त्याच १८८६ साली कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय पात्रता मिळवली, तीही भारतातच शिकून. पुढे त्यांनी दीर्घकाळ रुग्ण तपासले. रखमाबाईंनी लंडनमध्ये शिक्षण घेऊन सुरत व राजकोटला काम केले.

आनंदीबाईंना मात्र ती संधीच मिळाली नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती, पण १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, आणि काही महिन्यांतच पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘परतून रुग्णसेवा केली’ हे वाक्य गौरवासाठी लिहिले जाते, पण त्याने त्यांच्या आयुष्यातली खरी शोकांतिकाच पुसली जाते. शिवाय ज्या दोघींनी ती सेवा प्रत्यक्ष केली, त्यांच्या वाट्याचे श्रेयही जाते.

‘एम.डी.’ या अक्षरांचेही तसेच. आज भारतात एम.डी. म्हणजे एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी. अमेरिकेत ती डॉक्टर होण्याची मूळ पदवी होती आणि आजही आहे. म्हणून ‘उच्च पदव्युत्तर शिक्षण घेतले’ असे खुलवून लिहिणे चूक ठरते. पदवी जशी मिळाली तशी, महाविद्यालयाच्या नावासह लिहिली की प्रश्न मिटतो.

हे तपासायचे कुठे? दहा संकेतस्थळांवर एकच वाक्य सापडले म्हणजे दहा पुरावे झाले, असे नव्हे. बहुतेकदा ती एकाचीच नक्कल असते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे आणि २०१९ चा चित्रपट हा चित्रपट आहे. त्यातले प्रसंग व संवाद कितीही आवडले तरी परिचयात तारीख म्हणून वापरता येत नाहीत. पदवीच्या तपशिलासाठी महाविद्यालयाची कागदपत्रे पाहावीत. तिथल्या जुन्या नोंदी आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. आयुष्याच्या तपशिलासाठी कॅरोलिन डॉल आणि काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेली जुनी चरित्रे आहेत.

एवढे करूनही एखादी गोष्ट अडतेच. जन्मस्थान कुठे कल्याण छापलेले दिसते, कुठे पुणे. अशा वेळी चार ओळींच्या परिचयात जन्मगाव गाळले तरी काही बिघडत नाही, आणि जागा असेल तर दोन्ही नावे देऊन मतभेद आहे असे लिहावे.