क्लार्कचं काम गेलं, झाडूवाल्याचं राहिलं. असं का?

कॉम्प्युटर आला की आधी कमी शिकलेल्यांचं काम जातं, असं आपल्याला वाटतं. बँकेत उलटं घडलं.

पूर्वी क्लार्क चेकवरची रक्कम वाचायचा, लेजरमध्ये लिहायचा, व्याज काढायचा, संध्याकाळी बेरीज जुळवायचा. काम डोक्याचं, पण प्रत्येक पायरीचा नियम ठरलेला. नियम लिहिता आला की प्रोग्रामही लिहिता येतो. 2008 मध्ये दिल्लीत, 2013 मध्ये मुंबईत चेक ट्रंकेशन सुरू झालं आणि क्लिअरिंगला चेकऐवजी त्याचा फोटो जाऊ लागला.

त्याच शाखेत फरशी पुसताना खुर्च्या सरकवाव्या लागतात, सांडलेला चहा दिसावा लागतो. आपल्याला सोपं, मशीनला महाकठीण. आणि कर्ज देणारा अधिकारी? आकडेमोड कॉम्प्युटर करतो, म्हणून तो जास्त प्रकरणं हातावेगळी करतो. त्याचा भाव वाढतो.

ऑटर, लेव्ही आणि मर्नेन या अमेरिकन अभ्यासकांनी 2003 मध्ये हेच मांडलं: काम किती अवघड यापेक्षा ते किती ठरावीक, हे बघा.

झाडूवाला जिंकला असं मात्र नाही. काम टिकलं, तरी पगार वाढेलच असं नाही. क्लार्कची जागा न मिळालेला बी.कॉम. झालेला मुलगाही आता डिलिव्हरी, सिक्युरिटी अशा कामांच्याच रांगेत येतो.