बंद बॉक्सचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यातल्या केबल आणि डीटीएचच्या धंद्यात एक मत पक्के रुजले आहे: ज्याचा रिचार्ज दोन महिने थकला तो ग्राहक गेला, आणि त्याला परत आणायचे तर सवलत द्या. हे मत निराधार नाही. ट्रायच्या अहवालांनुसार 2021 च्या मार्चअखेर देशात पैसे भरणारे डीटीएच ग्राहक सुमारे 7 कोटी होते, ते 2025 च्या मार्चअखेर 5.7 कोटींवर आले. दूरदर्शनची फ्री डिश आणि हातातला मोबाईल यांनी घरे ओढून नेली, हे खरेच आहे. पण देशाच्या आकड्यावरून वाशीच्या ग्राहकाचा निकाल लावणे चूक आहे.

वाशी, भूम, कळंब, परंडा या तालुक्यांतून दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. घराला कुलूप, मग टीव्ही कोण पाहणार? वसुलीच्या वहीत मात्र हे घर आणि फ्री डिश बसवलेले घर दोन्ही एकाच शब्दाखाली येतात: ‘बंद’. सगळी गफलत इथेच होते.

हिशेबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शंभर बॉक्स बंद पडले. चाळीस घरे ऊसतोडीला गेली, तीस जणांनी पैसे नाहीत असे सांगितले, वीस जणांनी फ्री डिश लावली, दहा जणांचा बॉक्स बिघडला. दोन महिन्यांनी पाहिले तर ऊसतोडीची दोनच घरे परत आलेली दिसतील. हीच वही मेअखेर उघडली तर तीस. पैशाची अडचण सांगणाऱ्यांतले अठरा येतात, पण बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतच, सोयाबीनचे पैसे हाती आले की. बिघाडाचे सात येतात तेही दुरुस्ती महिन्याभरात झाली तर. फ्री डिशवाले दोन. म्हणजे दोन महिन्यांची रेघ ओढणारा, सर्वांत भरवशाच्या ग्राहकालाच बुडीत खात्यात टाकतो. कोणत्या कारणाचे लोक किती परततात एवढे विचारून भागत नाही, कितव्या महिन्यात परततात हेही सोबत विचारावे लागते.

यावर आक्षेप येईल की एप्रिलमध्ये सवलत दिली तेव्हा तीस घरे आली, म्हणजे सवलत चालली. हा पुरावा नव्हे. ती घरे गावी परतली म्हणून बॉक्स सुरू झाले. खात्री करायची तर चाळीस घरांच्या चिठ्ठ्या टाकून विसांना सवलतीचा फोन करावा, विसांना करू नये. दोन्हीकडून पंधरा-पंधरा आली तर सवलतीचा पैसा पाण्यात गेला. नुसती परतलेली घरे मोजून सवलतीला श्रेय देणे म्हणजे पावसाचे श्रेय बेडकाला देणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोक खरे कारण सांगत नाहीत. मान्य. ‘पैसे नाहीत’ हे सर्वांत सोयीचे उत्तर आहे, कारण त्यावर कोणी वाद घालत नाही. म्हणून सांगितलेल्या कारणाशेजारी दिसलेले कारण लिहावे. वसुलीवाला गल्लीतून जातोच. छतावर नवी तबकडी दिसली तर अडचण पैशाची नाही. बंद होण्याआधीच्या महिन्यात चित्र अडकण्याची तक्रार नोंदलेली असेल, तर तिथे सवलतीपेक्षा वायरमन पाठवणे स्वस्त पडते. दिवाळी उलटून सोयाबीन विकले गेले तरी बॉक्स बंदच असेल, तर सांगितलेले कारण पुन्हा तपासावे.

वर्षावर्षाची तुलना करतानाही एक सापळा आहे. नोव्हेंबरात गेलेल्याला मेअखेर परतायला सहा-सात महिने मिळाले, मार्चमध्ये गेलेल्याला दोन-तीनच. दोघांना एका टक्केवारीत घातले तर मार्चचे ग्राहक कायमचे गेल्यासारखे दिसतात. ज्यांना सारखी मुदत मिळाली त्यांचीच तुलना करावी. अशी नीट मोजलेली परतीची संख्या दरवर्षी घसरत असेल, तेव्हा मात्र ऊसतोडीचे कुटुंब गावी येऊनही मोबाईलवरच भागवते आहे असा संशय घ्यावा. त्या दिवशी केबलवाल्यांचे निराशेचे मत खरे ठरेल, पण ते वहीने ठरवलेले असेल.

छोट्या केबलचालकाला एवढा वेळ कुठला, हा शेवटचा बचाव. वहीत चार रकाने पुरतात: बंदची तारीख, सांगितलेले कारण, दिसलेले कारण, परतीची तारीख. हे चार रकाने भरल्याशिवाय कोणाला सवलत देऊ नका, आणि मे संपेपर्यंत ऊसतोडीच्या घराचे नाव वहीतून खोडू नका.