बोट तळाला का आपटतं?

वडोदऱ्याला ताई शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. दिवाळीत नवा पातळ लॅपटॉप घेतला आणि महिनाभरात तिची बोटं संध्याकाळी ठणकायला लागली. "वय झालं रे माझं," म्हणाली. काम सोडायच्या विचारात होती. मला संशय कीबोर्डचा.

कळ दाबायला सुरुवात केल्यापासून अक्षर उमटेपर्यंत ती जितकी खाली जाते, ते प्री-ट्रॅव्हल. पार तळापर्यंतचं अंतर म्हणजे टोटल ट्रॅव्हल, आणि तळाला टेकणं म्हणजे बॉटमिंग आउट. चेरी एमएक्स रेडसारख्या मेकॅनिकल स्विचमध्ये अक्षर 2 मिलिमीटरला उमटतं आणि तळ 4 ला लागतो. म्हणजे काम झाल्यावरही बोटाला वेग कमी करायला 2 मिलिमीटर उरतात. पातळ लॅपटॉपची कळ मुळात एक-दीड मिलिमीटरच खाली जाते. तिच्याखाली रबराची छोटी टोपी असते. ती बसली की खालच्या पडद्यातले संपर्क जुळतात, पण तोवर तळ आलेलाच असतो. तिथे न आपटता टाइप करणं जवळजवळ अशक्य! त्याच वेगाचं बोट निम्म्या अंतरात थांबवायचं तर सरासरी धक्का दुप्पट बसतो.

अॅपलने 2015 मध्ये फारच उथळ कळा आणल्या होत्या. 2019 च्या 16 इंची मॅकबुक प्रोमध्ये त्यांनाही 1 मिलिमीटरवर परत यावं लागलं.

ताईकडे गेलो तेव्हा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला आणि काटा शून्यावर आणला. (काट्याची क्षमता लॅपटॉपच्या वजनापेक्षा जास्त हवी, नाहीतर घरात वेगळाच प्रश्न उभा राहतो.) एक कळ अगदी हळू दाबायला सांगितली. अक्षर उमटलं तेव्हा आकडा होता 65 ग्रॅमच्या आसपास. मग म्हटलं, "आता नेहमीसारखी दाब आणि तशीच धरून ठेव." 240! जुन्या खोल कळांची सवय. आणि हा नुसता धरलेला जोर. आपटतानाचा क्षणिक धक्का असला काटा पकडतच नाही.

तिला 4 मिलिमीटरचा वेगळा कीबोर्ड दिला. तो उंच असल्याने मनगट वर वाकायला लागलं, म्हणून मागचे पाय मिटवले आणि खुर्ची वर घेतली. अगदी हलक्या कळा मुद्दाम टाळल्या, कारण ताई बोटं कळांवर टेकवून विचार करते आणि मग नको ती अक्षरं उमटतात.

नुसता कीबोर्ड बदलून भागलं नाही. पहिला आठवडाभर तीही कळ खटाखट तळाला जात होती. आवाज कमी होईल इतकं हलकं टाइप कर, एवढंच सांगितलं. तीन आठवड्यांनी ठणका बराच उतरला. रात्री बोटांना मुंग्या येत असत्या, तर मात्र मी काटा न काढता तिला डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

वार्षिक परीक्षेचे पेपर आता तीच टाइप करतेय.