साचा जुना, नावं नवी

मोबाईलवर पाठवायच्या लग्नपत्रिकेचे 400 रुपये सांगितले की मुलीचे वडील विचारतात, "नावंच तर बदलायचीत, एवढे कशाचे?" प्रश्न रास्त आहे. तोच गणपती, तीच तोरणाची किनार डिझायनरने आधी दहा घरांना दिलेली असते. पत्रिका आपल्यासाठीच घडली असं समजून पैसे मोजणाऱ्याला हे नंतर कळलं, तर फसवल्यासारखं वाटणारच.

दुसऱ्या बाजूला, साचा आयता मिळत नाही. समजा, तो घडवायला 8 तास लागले आणि तो 20 घरांना विकला गेला. प्रत्येक पत्रिकेच्या वाट्याला त्यातली 24 मिनिटं येतात. मजकूर बसवायला 40 आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या दुरुस्तीच्या तीन फेऱ्यांना 45 मिनिटं धरली, तर एकूण 109 मिनिटं होतात, म्हणजे ताशी साधारण 220 रुपये. कोऱ्या पानापासून केलेली पत्रिका याच हिशेबाने दोन हजारांवर जाईल. साचा पुन्हा वापरण्यात त्यामुळे गैर काही नाही. मात्र ते आधी सांगावं, आणि एकाच लग्नसराईत एकाच भावकीला तोच साचा देऊ नये. दोन्ही पत्रिका एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात.

खरी ओढाताण दुरुस्त्यांची. तीनऐवजी सात फेऱ्या झाल्या की ताशी 220 चे 142 होतात. तरीही घरच्यांची अडचण खोटी नसते. पत्रिका एका माणसाची कधीच नसते. धाकट्या चुलत्यांचं नाव राहिलं, मामांचं नाव खाली गेलं, की रुसवा घरातच येतो. तिथे फेऱ्या मोजायला कोण बसणार? आणि काही चुका तर डिझायनरच्याच असतात: देवनागरीची जोडणी नीट न जमणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं. याचे पैसे मागणं म्हणजे शिंप्याने उसवलेली शिवण घालायचे वेगळे घेण्यासारखं.

फेरीगणिक पैसे लावावेत की एकच ठोक दर घ्यावा, यावर दोन्ही मतं समजण्यासारखी आहेत. मला ठोक दर बरा वाटतो, पण त्यात दोनच फेऱ्या धराव्यात. पुढच्या प्रत्येक फेरीला 50 रुपये, आणि डिझायनरची चूक कितीदाही फुकट. मात्र पत्रिका सजवायला घेण्याआधी नावं, त्यांचा क्रम, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता नुसत्या मजकुरात पाठवून घरातल्या एकाच माणसाची संमती घ्यावी. मानापानाचा वाद तिथेच मिटला, तर चित्रावर फार फेऱ्या उरत नाहीत. उशीर होतो हे खरं. घाईतल्या गिऱ्हाइकाला ही अट जाचक वाटेल.

वाढदिवसाला एवढं काही लागत नाही. एक फोटो, एक वय, एक वेळ. तिथे फेऱ्यांचा नियम सांगत बसलं तर 150 रुपयांचं गिऱ्हाईक उठून जाईल.