तारीख आणि वेळ : एका रकान्याची दोन खाती

अलीकडे पुष्कळ पेढ्यांत मागणी नोंदविण्यासाठी गुगल फॉर्म वापरला जातो. आमच्या परिचयातील एका धान्याच्या पेढीचा नियम असा : दुपारी एकच्या आत आलेल्या मागणीला त्या दिवसाचा भाव, त्यानंतरच्या मागणीला दुसऱ्या दिवसाचा. डाळीचा भाव एका रात्रीत क्विंटलमागे शे-दोनशे रुपयांनी हलला की मागणी नेमकी किती वाजता आली, या प्रश्नाला मोल येते. त्या प्रश्नाचे उत्तर फॉर्मच्या पहिल्या रकान्यात असते. त्याचे नाव `Timestamp`. अडचण एवढीच की तेथे तारीख व वेळ एकाच चौकटीत असतात आणि हिशेबाला ती वेगवेगळी लागतात.

पुष्कळ जण येथे एक सोपा उपाय करतात. रकाना निवडून त्याचे स्वरूप बदलतात आणि केवळ तारीख दिसेल असे करतात. डोळ्यांना समाधान वाटते, परंतु वेळ तेथून गेलेली नसते. ती झाकली गेलेली असते. मग ५ एप्रिल २०२५ च्या मागण्या मोजण्याचे सूत्र लिहिले की पडद्यावर त्या तारखेच्या दहा ओळी दिसत असूनही उत्तर शून्य येते.

याचे कारण एक्सेलच्या अंतरंगात आहे. एक्सेलला तारीख ही एक संख्या असते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढचे दिवस ओळीने मोजलेले असतात. या मोजणीत ५ एप्रिल २०२५ म्हणजे 45752. वेळ हा त्या दिवसाचा अपूर्णांक : दुपारचे बारा म्हणजे 0.5, सायंकाळचे सहा म्हणजे 0.75. एखादी मागणी त्या दिवशी १२ वाजून ४८ मिनिटांनी आली असेल, तर चौकटीत वस्तुतः 45752.5333 असते. सूत्र शोधते 45752. दोन्ही संख्या समान नाहीत, म्हणून शून्य.

हे ध्यानी आले की विभागणी अगदी सरळ होते. पूर्णांक ही तारीख, अपूर्णांक ही वेळ. मूळ रकाना A असेल, तर B मध्ये पहिले सूत्र व C मध्ये दुसरे लिहावे :

```
=INT(A2)
=MOD(A2,1)
```

उत्तर कधी 45752 असे, तर वेळेच्या जागी कधी `00-01-1900` असे दिसेल. त्याने गोंधळून जाऊ नये. `Ctrl+1` दाबून B ला `dd-mm-yyyy` आणि C ला `hh:mm:ss` हे स्वरूप द्यावे. आता स्वरूप बदलणे योग्य आहे, कारण झाकण्यासारखे आत काही उरलेले नाही. मग एकच्या आतली मागणी कोणती, हे चौथा रकाना सांगतो :

```
=C2<TIME(13,0,0)
```

मूळ रकाना मात्र पुसू नये. वाद उद्भवला तर तोच आपला व्हाउचर.

एवढ्यावर हा लेख संपला असता. परंतु खरा धोका विभागणीच्या आधीच्या पायरीत आहे. शीटची मांडणी अमेरिकेची असली की गुगलच्या शीटमध्ये महिना आधी व दिवस नंतर येतो. तेथे ५ एप्रिल `4/5/2025` असा दिसतो. ही शीट `.csv` स्वरूपात उतरवून घेतली की संख्या जाते आणि दिसणारी अक्षरे तेवढी येतात. भारतीय मांडणीच्या संगणकावर ती फाइल दोनदा टिचकी मारून उघडली, की एक्सेल `4/5/2025` हे ४ मे म्हणून वाचतो व चौकटीत 45781 बसवतो. कोणतीही सूचना मिळत नाही. १३ एप्रिलपासून मात्र निराळे घडते. तेरावा महिना नसल्यामुळे `4/13/2025` ला एक्सेल तारीखच मानत नाही. ते अक्षर म्हणून चौकटीत डावीकडे चिकटून राहते आणि `INT` चे उत्तर `#VALUE!` येते.

लोक ही `#VALUE!` ची ओळ पाहून अस्वस्थ होतात आणि तेवढ्याच ओळी हाताने दुरुस्त करतात. वास्तविक त्या ओळी प्रामाणिक आहेत. आपण वाचल्या गेलो नाही, असे त्या सांगतात. फसव्या आहेत त्या पहिल्या बारा दिवसांच्या. एप्रिलचा महिना अशा रीतीने उघडला तर १ एप्रिलची मागणी ४ जानेवारीला, ५ ची ४ मेला आणि १२ ची ४ डिसेंबरला जाऊन बसते. फक्त ४ एप्रिल आपल्या जागी राहते. सगळ्या मागण्या प्रत्येक महिन्याच्या एकाच तारखेला आलेल्या दिसल्या, की रोग ओळखावा.

पडताळणी म्हणून काही जण B आणि C यांची बेरीज A च्या बेरजेशी जुळवतात. जुळते, आणि जुळणारच. तेरीज जुळली म्हणजे रक्कम योग्य खात्यावर पडली असे होत नाही, हे बँकेत पहिल्या वर्षीच शिकवले जात असे. `ISNUMBER` ही सुद्धा येथे अपुरी परीक्षा, कारण ४ मे हीदेखील संख्याच आहे. त्याऐवजी रकान्यातील सर्वांत जुनी व सर्वांत नवी तारीख पाहावी :

```
=MIN(B:B)
=MAX(B:B)
```

रकान्यात एखादीही `#VALUE!` असेल तर येथेही तीच येईल. तो इशाराच समजावा. दोन्ही उत्तरे एप्रिलच्या आत हवीत. डिसेंबर दिसला तर ती फाइल न जतन करता बंद करावी. उलटलेल्या तारखा एकेक सुलटवत बसण्यात अर्थ नाही. गुगलच्या शीटमध्ये `File`, `Download`, `Microsoft Excel (.xlsx)` या मार्गाने नवी प्रत घ्यावी. त्या प्रतीत अक्षरे नव्हे, मूळ संख्याच येते. म्हणून संगणक कोणत्याही देशाच्या मांडणीचा असला तरी दिवस-महिना उलटत नाही. शीट कायम वापरायची असेल तर `File`, `Settings` मध्ये `Locale` भारत करून ठेवावे.

फॉर्मच्याच पानावरून `.csv` उतरवली तर रूप आणखी वेगळे असते : `2025/04/05 12:48:00 PM GMT+5:30`. येथे वर्ष आधी असल्याने उलटापालट होत नाही, पण शेवटच्या `GMT` मुळे सगळे अक्षरच राहते. अशा वेळी `Text to Columns` ने मोकळ्या जागेवर तुकडे करण्याचा मोह होतो. त्यात `PM` वेगळ्या रकान्यात जाऊन पडतो आणि सायंकाळी पाचची मागणी पहाटे पाचची होऊन एकच्या आत शिरते! पेढीला तो भाव सोसावा लागतो. त्यापेक्षा तारखेला व वेळेला अशी दोन सूत्रे द्यावीत :

```
=DATEVALUE(LEFT(A2,10))
=TIMEVALUE(MID(A2,12,FIND("GMT",A2)-13))
```

पहिले सूत्र डावीकडची दहा अक्षरे घेते. दुसरे बाराव्या अक्षरापासून `GMT` च्या आधीपर्यंतचा भाग घेते; त्यात `PM` वेळेसोबतच राहतो. वरील ओळीला यातून पुन्हा 45752 आणि 0.5333 हीच उत्तरे मिळतात, म्हणजे ती मागणी बारा मिनिटांनी मुदतीच्या आत आहे आणि तिला ५ एप्रिलचाच भाव लागतो.