संशोधन मंडळातील दोन अनुस्वार

धुळ्यास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाने जे संशोधन मंडळ उभे आहे, त्याच्या नावातील ‘संशोधन’ आणि ‘मंडळ’ हे दोनच शब्द शेजारी शेजारी ठेवले, तर देवनागरी शब्दांचे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लेखन करू पाहणाऱ्याची बहुतेक सारी परीक्षा तेवढ्यातच होऊन जाते. दोन्ही शब्दांत पहिल्या अक्षरावर तेच टिंब आहे, आणि लेखनात त्या दोन टिंबांत काडीचाही फरक नाही. परंतु ‘मंडळ’ म्हणताना जीभ पुढच्या ‘ड’साठी मूर्धेकडे वळून तेथेच णकार करते, म्हणून [məɳɖəɭ], आणि ‘संशोधन’ म्हणताना जीभ कोठेही टेकत नाही, ओठ किंचित जवळ येतात आणि नाकातून एक सानुनासिक वकार निघतो, म्हणून [səw̃ʃod̪ʱən]. येथे कोणी दोन्ही ठिकाणी [n] लिहिला, किंवा स्वरावर तरंगरेषा घालून [ə̃] एवढ्यावरच भागवले, तर त्याने अक्षर पाहिले आहे, शब्द ऐकलेला नाही, असे म्हणावे लागते.

खानदेशातील बोलींची जी ध्वनिलेखने छपाईसाठी आमच्याकडे येतात, त्यांत सर्वांत अधिक गफलती अनुस्वार आणि जोडाक्षर या दोन ठिकाणी आढळतात, आणि दोहोंचे मूळ एकच आहे: देवनागरीतील खूण हाच ध्वनी होय असे समजून एका खुणेस एक चिन्ह देत जाणे. अनुस्वार ही वस्तुतः पुढच्या व्यंजनाकडे पाहा असे सांगणारी खूण आहे. पुढे स्पर्शव्यंजन असेल तर त्याच्या उच्चारस्थानाचे अनुनासिक लिहावयाचे; ‘पिंपळनेर’ मध्ये प आहे म्हणून [pimpəɭneɾ], ‘एरंडोल’ मध्ये ड आहे म्हणून [eɾəɳɖol], ‘शिंदखेडा’ मध्ये द आहे म्हणून [ʃin̪d̪kʰeɽa]. या शेवटच्या दोन नावांत आणखी एक बारकावा दडलेला आहे, तो हा की अनुनासिकाच्या लगत येणारा ‘ड’ पूर्ण स्पर्श राहतो, तर ‘खेडा’ सारखा दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘ड’ पुष्कळांच्या तोंडी जिभेच्या एका निसटत्या फटकाऱ्याने उच्चारला जातो. म्हणजे अनुस्वाराला स्वतःचे रूप पुढचे व्यंजन देते, आणि त्या व्यंजनाचा स्पर्श शाबूत राखण्याचे काम अनुस्वार करतो.

पुढील व्यंजन चवर्गातील असले म्हणजे मात्र केवळ अक्षर पाहून काम भागत नाही, कारण मराठीत च, ज, झ या अक्षरांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करीत नाही. ‘पंचांग’ आणि अंगावर घ्यावयाचा ‘पंचा’ हे दोन्ही शब्द ‘पंचा’ याच अक्षरांनी आरंभ होतात. पण पहिल्यात तालव्य च आहे म्हणून [pəɲt͡ʃaŋɡ], आणि दुसऱ्यात दंततालव्य आहे म्हणून [pənt͡sa]. धुळ्याच्या पांझरा नदीचे नाव लिहिण्यापूर्वीही प्रथम ‘झ’चा निर्णय करावा लागतो: निवेदकाच्या तोंडी तो दंततालव्य असेल तर [pand͡zʱɾa], तालव्य असेल तर [paɲd͡ʒʱɾa]. अनुनासिकाचे चिन्ह आधी लिहून टाकून मग ‘झ’चा विचार करणे ही उलटी रीत आहे.

अंतःस्थ आणि ऊष्म व्यंजनांपूर्वीचा अनुस्वार हा मराठीचा खास मामला आहे, आणि खानदेशात त्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण या प्रदेशाच्या एका बाजूस गुजरात आणि दुसऱ्या बाजूस निमाड लागून असल्यामुळे हिंदी आणि गुजराती उच्चारांची ये-जा नित्याची आहे. मराठीत ‘हंस’ [ɦəw̃s], ‘संवाद’ [səw̃ʋad̪], ‘संयम’ [səj̃jəm], ‘संलग्न’ [səl̃ləɡnə] असे होते. य आणि ल यांच्यापूर्वी त्या त्या व्यंजनाचे सानुनासिक रूप येते, आणि र, व, श, स, ह यांच्यापूर्वी सानुनासिक वकार येतो. हिंदी भाषक ‘हंस’ [ɦəns] असा उच्चारतो, आणि हिंदीसाठी तयार केलेले अक्षरांचे कोष्टक मराठी शब्दांना जसेच्या तसे लावले की सर्व ऊष्म व्यंजनांपूर्वी [n] येऊन बसतो. एखाद्या नोंदवहीत ‘अंश’, ‘वंश’, ‘संसार’ या साऱ्यांत एकसारखा [n] दिसला, की ही लेखने कानावरून झालेली नसून कोष्टकावरून झालेली आहेत असे बहुधा निःशंकपणे सांगता येते. कारण खरोखर ऐकून लिहिणाऱ्याच्या वहीत निवेदकानिवेदकांत काही तरी फरक पडल्याशिवाय राहत नाही. बऱ्हाणपुराकडे शिकलेल्या एखाद्या रावेरच्या माणसाच्या तोंडी [n] ऐकू आला, तर तो तसाच नोंदवला पाहिजे, पण तो ऐकू आलेला असला पाहिजे.

याच्या नेमके उलट, जेथे टिंब आहे पण ध्वनी नाही अशीही स्थळे आहेत, आणि त्यांतील सर्वांत ठळक स्थळ म्हणजे प्रत्यक्ष जळगाव. महसुली दफ्तरांत आणि जुन्या छापील पुस्तकांत हे नाव ‘जळगांव’ असे लिहिलेले असते. ते टिंब निष्कारण नव्हते. ‘ग्राम’ मधील मकार झिजून त्याचा सानुनासिक वकार झाला, त्याची ती खूण होती. पुढे प्रमाण मराठीत नासिक्य गेले आणि टिंब राहिले. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांस शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांनी असे अनुच्चारित व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार काढून टाकले. परंतु रोमन लिपीतील जळगाव, चाळीसगाव, धरणगाव या नावांच्या अखेरीस जे ‘एन’ अक्षर बसले, ते त्या जुन्या नासिक्याचा अवशेष म्हणून आजही कायम आहे, आणि परप्रांतीय वाचक त्याचा स्पष्ट नकार करतात. ध्वनिलेखनात त्याला मुळीच जागा नाही: [d͡zəɭɡaʋ]. कोकणातील काही बोलींत असली नासिक्ये अद्याप टिकून आहेत; तेथे [ɡãʋ] ऐकू आले तर ते लिहावे, पण ते तेथील म्हणून लिहावे.

या मृत टिंबाचा खरा उपद्रव विभक्तिरूपांत होतो. आजच्या लेखनात ‘गावात’ म्हणजे एका गावात आणि ‘गावांत’ म्हणजे अनेक गावांत, आणि उच्चारातही [ɡaʋat̪] आणि [ɡaʋan̪t̪] असा भेद ऐकू येतो. जुन्या छपाईत मात्र एकवचनावरही टिंब असे, त्यामुळे १९६२ पूर्वीच्या कागदावरून शब्द उचलणाऱ्याने वाक्यातील वचन तपासल्यावाचून नकार लिहू नये.

जोडाक्षरांकडे वळताना प्रथम हे ध्यानात घ्यावे, की जोडाक्षर ही लेखनातील गोष्ट आहे आणि व्यंजनसंयोग ही उच्चारातील, आणि दोहोंची सीमा एक नाही. वर दिलेल्या ‘शिंदखेडा’ या नावात एकही जोडाक्षर नाही, तरी ‘द’ मधील अकार लोपल्यामुळे उच्चारात न, द, ख ही तीन व्यंजने लागोपाठ येतात. या प्रांताचे नाव कोणी ‘खानदेश’ लिहितात, कोणी ‘खान्देश’. लेखनाचा वाद खुशाल चालू राहावा, ध्वनिलेखन मात्र दोहोंचे एकच, [kʰan̪d̪eʃ]. आणि दुसऱ्या टोकास ‘तुम्ही’ मधील ‘म्ह’ दिसावयास जोडाक्षर असला तरी उच्चारात तो एकच महाप्राण अनुनासिक आहे, [t̪umʱi].

अहिराणीत या प्रकाराचे मोल फार आहे. ‘माझा’ या अर्थी अहिराणी भाषक ‘मन्हा’ म्हणतो आणि ‘तुझा’ या अर्थी ‘तुन्हा’. येथे [mənʱa] लिहावयाचे की [mənɦa], हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण पहिल्यात अहिराणीच्या ध्वनिव्यवस्थेत एक स्वतंत्र ध्वनी आपण मान्य करतो आणि दुसऱ्यात दोन ध्वनींची जोडणी. निर्णयाची कसोटी आपल्या छंदःशास्त्रातच तयार आहे. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर त्यावर आघात येत असेल तरच गुरू होते, आणि ‘तुम्ही’ मधील ‘तु’ लघूच राहतो, हे वृत्ते शिकलेल्या कोणासही ठाऊक आहे. निवेदकास शब्द सावकाश, अक्षरे तोडून म्हणावयास सांगावे. ‘म… न्हा’ अशी फोड झाली आणि ‘म’ हलका राहिला तर तो एकच ध्वनी, ‘मन… हा’ अशी झाली तर संयोग. ‘करी ऱ्हायना’ या नित्याच्या अहिराणी प्रयोगातील ‘ऱ्ह’ तर शब्दारंभीच येतो, तेव्हा मागे आघात घ्यावयास अक्षरच नसते, आणि [ɾʱajna] असे लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

हीच कसोटी रकाराच्या दोन रूपांस लागू पडते. समुद्रवाचक ‘दर्या’ मध्ये रफार आहे, ‘द’वर जोर येतो आणि अक्षरसीमा रकारानंतर पडते, [d̪əɾ.ja], सातपुड्यातील ‘दऱ्या’ मध्ये ‘द’ हलका राहतो आणि रकार यकाराबरोबर पुढे जातो, [d̪ə.ɾja]. ध्वनी तेच आणि त्याच क्रमाने आहेत. म्हणून अक्षरसीमेचा बिंदू घातला नाही, तर ध्वनिलेखन देवनागरीपेक्षा कमी माहिती देते, आणि ते कोणत्याही लेखनाचे दूषणच होय. टंकलेखनातही ‘दऱ्या’साठी नुक्त्याचा ऱ, म्हणजे U+0931, वापरला नाही तर रफार उमटून शब्दच पालटतो.

आघात जेथे येतो तेथे पुष्कळदा पहिले व्यंजन दुणावते, आणि ते लिपीत दिसत नाही. जळगावच्या विद्यापीठाचे नाव सांगताना आपण [ʋid̪.d̪ja.piʈʰ] म्हणतो, ‘सत्य’ म्हणताना [sət̪.t̪jə]. अहिराणीतील ‘बठ्ठा’, म्हणजे सगळा, यात द्वित्व लेखनात आहेच, पण लेखनाप्रमाणे दोन महाप्राण लिहिणे मात्र चुकीचे. पहिला ठकार मुखात अडून राहतो, श्वास सुटतो तो दुसऱ्याबरोबर, म्हणून [bəʈʈʰa].

यापुढे शब्दसूची पाठविणाऱ्यांनी प्रत्येक शब्दाचे देवनागरी रूप ज्या लेखनपद्धतीने मिळाले तसेच, जुने टिंब असल्यास त्यासह, पहिल्या रकान्यात ठेवावे. ध्वनिलेखन निवेदकाच्या उच्चारावरून दुसऱ्या रकान्यात करावे, आणि तिसऱ्यात त्याचे गाव व त्याचे शिक्षण कोणत्या भाषेत झाले ते नोंदवावे. पहिल्या दोन रकान्यांत मेळ दिसला नाही म्हणून कोणी दुसरा पहिल्याप्रमाणे दुरुस्त करू नये. ‘धुळे’ समोर [d̪ʱuje] आले असेल, तर ळकाराच्या जागी यकार बोलणाऱ्या माणसाने तो शब्द सांगितला आहे, आणि तो तसाच छापला जाईल.